"आधी पालकांना विचारू" : एका सवयीचा इतिहास आणि तिच्याविरुद्धचा खटला

धागा थोडा लांब आहे. गेल्या आठवड्यात इथेच एका चर्चेत अनेकांनी एक मत मांडले. शिक्षकाला किंवा समुपदेशकाला एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर त्याने आधी घरच्यांशी बोलावे, कुटुंबाचा विश्वास टिकवावा, आणि अगदीच नाइलाज झाला तर पोलिसांकडे जावे, असे ते मत होते. ते सौजन्याचे वाटते आणि आपल्या वळणाचेही वाटते. माझे म्हणणे असे, की हा क्रम चुकीचा आहे, तो चुकीचा असल्याचे इतिहासाने एकदा नव्हे अनेकदा दाखवले आहे, आणि ज्या विश्वासासाठी तो पाळायचा, तो विश्वासही त्याने टिकत नाही.

सुरुवात हाडांपासून करू.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहाही मुलांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला होता आणि हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग होते. काही ताजे, काही भरून येत असलेले, म्हणजे वेगवेगळ्या वेळी झालेले. हाडांच्या कोणत्याही रोगाची खूण नव्हती. पालकांकडे अपघाताची समाधानकारक हकीकत नव्हती. कॅफीने हे सारे बारकाईने मांडले, पण कोणी मारले हा प्रश्न उघडपणे विचारला नाही. त्याच्याही आधी, १८६० साली, पॅरिसच्या आंब्रुआझ तार्दिए या न्यायवैद्यक तज्ज्ञाने घरातच छळ झालेल्या ३२ मुलांचे वर्णन केले होते. त्यांपैकी १८ दगावली होती. तो लेख वाचला गेला आणि विसरला गेला. ज्ञान नव्हते असे नाही. जे दिसते आहे ते बोलून दाखवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९६२ साली निर्णायकपणे पुढे आला. डेन्व्हरच्या हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने चार सहकाऱ्यांसह अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि या अवस्थेला नाव दिले : मारहाण झालेल्या मुलाचे लक्षणसमूह. त्यांनी ७१ रुग्णालयांना पत्रे पाठवून एका वर्षातील अशा मुलांची संख्या विचारली होती. उत्तर आले ३०२. त्यांतील ३३ मुले मेली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. या आकड्यांनी खळबळ माजली हे खरेच. मला मात्र त्या लेखातील दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे वाटते. केम्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंविषयी लिहिले, की आईबाप असे करू शकतात हे मानायलाच डॉक्टरांचे मन तयार होत नाही, आणि पुरावा समोर असतानाही ते दुसरी कारणे शोधत राहतात. समोरचा माणूस नीटनेटका आहे, काळजीने मुलाला घेऊन आला आहे, आपल्याशी अदबीने बोलतो आहे. त्याला असे कसे विचारायचे?

हीच ती सवय. तिला आपण "कुटुंबाचा विश्वास" असे गोड नाव देतो.

पुढच्या पाच वर्षांत, १९६३ ते १९६७ या काळात, अमेरिकेतील सर्व राज्यांनी संशय कळवणे बंधनकारक करणारे कायदे केले. सुरुवातीला बंधन मुख्यतः डॉक्टरांवर होते, नंतर शिक्षक, परिचारिका, समाजसेवक आणि समुपदेशक त्यात आले. त्या वेळी वैद्यकीय वर्तुळातून जो आक्षेप घेतला गेला तो आजच्या चर्चेत जसाच्या तसा ऐकू येतो : डॉक्टर पोलिसांना कळवतो असे कळले, तर पालक जखमी मुलाला दवाखान्यात आणणारच नाहीत. आक्षेप पोकळ नव्हता. पण तो मान्य करण्याचा अर्थ काय होता, ते नीट पाहा. मुलाला उपचार मिळावेत म्हणून मारणाऱ्याला अभय द्यायचे. मूल आज बरे होऊन त्याच घरी जाईल आणि महिन्याने पुन्हा येईल, किंवा येणारच नाही.

आपल्याकडे याच आक्षेपाचे एक जुने रूप आहे आणि इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असेल. बंगालमधील फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी विवाहानंतर पतीच्या बळजबरीने मरण पावली. १८९० साली कलकत्त्यात खटला चालला आणि पतीला बलात्काराची नव्हे, तर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याची एक वर्षाची शिक्षा झाली, कारण विवाहित मुलीचे वय दहाच्या पुढे असले की कायद्याच्या दृष्टीने तो बलात्कारच नव्हता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारावर नेली. त्यावर पुण्यात केवढे रण माजले, टिळक एका बाजूला आणि भांडारकर दुसऱ्या बाजूला कसे उभे राहिले, हे आपण शाळेत शिकतो. विरोधकांचे सारे मुद्दे धर्माचे नव्हते. परक्या सरकारचा शिपाई आमच्या माजघरात शिरणार, हा त्यांतला सर्वांत परिणामकारक मुद्दा होता. सरकार परके होते हे मान्य. पण माजघरातल्या त्या मुलीचे काय, या प्रश्नाला त्या युक्तिवादात जागाच नव्हती. आज सरकार आपले आहे आणि माजघराची जागा दिवाणखान्याने घेतली आहे. युक्तिवाद मात्र तोच उरला आहे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत बालछळाचा अभ्यास केला. १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. पुढे १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा अमलात आला. त्याचे १९ वे कलम असे सांगते, की असा गुन्हा होण्याची भीती वाटणाऱ्या किंवा तो झाल्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिली पाहिजे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला स्वतःला ही शिक्षा लागू नाही. आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे त्याच १९ व्या कलमात लिहिले आहे. ही शेवटची तरतूद शिक्षकांपर्यंत कधी पोहोचतच नाही. शिक्षेची मात्र पोहोचते.

इथे एक पळवाट काढली जाते. "मला भीती नव्हती, माहितीही नव्हती, नुसता संशय होता." पण मूल आपल्या तोंडाने सांगते तेव्हा माहिती मिळालेलीच असते. ती खरी की खोटी हे पाहण्याचे काम तपास यंत्रणेचे आहे, शिक्षकाचे नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे तो त्याच घरात राहत असेल, तर काल घडलेले आज रात्री पुन्हा घडण्याची भीती कशी नसेल?

दुसरी पळवाट अधिक प्रतिष्ठित आहे : "मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातले होते." तिचा इतिहास अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात फार स्पष्ट दिसतो. २००१ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका साहाय्यक प्रशिक्षकाने, जेरी सँडस्की हा माजी प्रशिक्षक न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर असल्याचे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने मुख्य प्रशिक्षकाला सांगितले. मुख्य प्रशिक्षकाने क्रीडा संचालकाला सांगितले. संचालकापासून गोष्ट आणखी वर गेली. प्रत्येकाने आपापल्या वरच्याला सांगितले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. वर बसलेल्यांनी सँडस्कीशी बोलायचे आणि मुलांना आवारात आणू नको असे सांगायचे ठरवले. पोलिसांना कोणीच कळवले नाही. अटक झाली ती २०११ साली, आणि २०१२ मध्ये तो ४५ आरोपांवर दोषी ठरला. मधल्या दहा वर्षांत त्या मुलाचे नाव शोधण्याचाही प्रयत्न कोणी केला नव्हता. त्या काळी त्या राज्याचा कायदाच असा होता, की संस्थेतील कर्मचाऱ्याने प्रमुखाला सांगावे आणि प्रमुखाने पुढे कळवावे. २०१४ मध्ये तो बदलला. आता ज्याला संशय आला त्यानेच थेट कळवायचे आणि मग संस्थेला सांगायचे. आपल्या १९ व्या कलमात ही थेट जबाबदारी पहिल्या दिवसापासून आहे. मुख्याध्यापकांना जरूर सांगा. पण तेवढ्याने कलम १९ ची पूर्तता होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहावरून. २०१९ मध्ये तिथल्या आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचार उघडकीस आले. तपासात पीडित मुलींची संख्या १७ असल्याचे पुढे आले. वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे कळले असूनही त्याने कळवले नाही, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. डॉक्टरला सांगितले होते असे मुलींच्या जबाबांत असताना, खटला सुरू होण्याआधीच तो पुरावा तोलून प्रकरण मिटवता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असेही न्यायालयाने बजावले. डॉक्टर दोषी ठरला असा याचा अर्थ नाही. खटला चालला पाहिजे, एवढाच आहे. पण वसतिगृहातील मुलीला घर दूर असते आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी मोठी माणसे थोडीच असतात. त्यांतल्या एकानेही मौन धरले, तर ती मुलगी कोणाकडे जाईल?

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पनेतले आहे, पण शिक्षकांशी बोलल्यास अशा गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. तालुक्याच्या गावातील सहावीची मुलगी. वडील ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात आई, आजी आणि वडिलांचा धाकटा भाऊ. गुरुवारी मधल्या सुट्टीत ती वर्गशिक्षिकेजवळ रेंगाळते आणि म्हणते, "बाई, मला आज घरी जायचं नाही. काका रात्री माझ्या अंथरुणात येतात. तुम्ही कोणाला सांगू नका."

पहिली चूक इथेच होते. बाई कळवळून म्हणतात, "नाही सांगणार." दोन तासांनी त्यांना हे वचन मोडावे लागते, आणि मुलीला त्या दिवशी दुसरा धडा मिळतो की चांगली माणसेही खोटे बोलतात. बाईंनी म्हणायला हवे ते असे : "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात काही चूक नाही. हे मी एकटी थांबवू शकत नाही, म्हणून ज्यांचं हे कामच आहे अशा माणसांना मला सांगावं लागेल. कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." समुपदेशकाचे काम याहून सोपे आहे, कारण त्याला हे संकट येण्याआधी बोलता येते. पहिल्याच भेटीत, मुलाला आणि पालकांना एकत्र बसवून त्याने सांगावे : इथे बोललेले इथेच राहील, पण कोणी मुलाला इजा करत असेल, तर ते मी गुप्त ठेवू शकत नाही, कायद्याने ठेवता येत नाही. विश्वास मोडतो तो तक्रारीने नव्हे, अनपेक्षित धक्क्याने. मर्यादा आधी सांगितली असेल, तर नंतर फसवणुकीचा आरोप करायला जागा उरत नाही.

दुसरी चूक चौकशीची. बाईंना वाटते, पोलिसांकडे जायचे तर खात्री हवी. म्हणून त्या विचारतात : कुठे हात लावला, किती वेळा, असे केले का, तसे केले का. मग मुख्याध्यापक विचारतात. मग संस्थेचे सचिव. मुलगी तीन वेळा सांगते आणि दर वेळी थोडे वेगळे सांगते, कारण मोठी माणसे पुन्हा विचारतात तेव्हा आधीचे उत्तर चुकले असावे असेच मुलांना वाटते. या वाटेने किती दूर जाता येते, ते १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात दिसले. एका आईची तक्रार आल्यावर तिथल्या पोलिसांनी सुमारे २०० पालकांना पत्र पाठवून, आपल्या मुलांना घरीच विचारा असे सांगितले. त्यानंतर शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांनी भरलेल्या. १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकही दोषसिद्धी नव्हती. सक्तीच्या तक्रारीचे विरोधक हे प्रकरण नेहमी पुढे करतात. ते तक्रारीविरुद्धचे उदाहरण नाहीच. ज्याचे काम नाही त्याने चौकशी केली की काय होते, याचे ते उदाहरण आहे, आणि "आधी पालकांना विचारू" या क्रमाविरुद्धचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

म्हणून बाईंनी फार तर एक-दोन मोकळे प्रश्न विचारावेत, "पुढे काय झालं?" अशा धर्तीचे. मग मुलीचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत. आपले अनुमान त्यात मिसळू नये. पोलिसांना त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी कळवावे. बालसाहाय्य वाहिनीच्या १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते, पण माहिती पोलिसांपर्यंत पोहोचली याची खात्री करून घ्यावी. पोलिसांनी माहिती लेखी नोंदवून तिला क्रमांक द्यायचा असतो आणि ती वाचून दाखवायची असते. माहिती घेणाऱ्या अधिकाऱ्याने आपले नाव, पद आणि संपर्क द्यायचा असतो. हे सारे मागून घ्या. पुढे "आम्हाला कोणी सांगितलेच नाही" असे म्हटले गेले, तर तो क्रमांकच बोलतो.

आणि आई? धाग्याचा सारा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो. मुख्याध्यापक म्हणतील, "आधी तिला बोलावून घ्या. पोलीस आले तर मुलीचंच नाव खराब होईल." समजा, बोलावले. आई संध्याकाळी घरी जाते. ती दिरासमोर गप्प बसू शकेल का? आजी काय म्हणेल? नवरा फोनवर काय म्हणेल? शुक्रवारी मुलगी शाळेत येत नाही. सोमवारी कळते की तिला मामाकडे पाठवले आहे. कपडे धुऊन झालेले आहेत. वैद्यकीय पुराव्याच्या दृष्टीने मोलाचे पहिले तीन दिवस गेले आहेत. मंगळवारी मुलगी म्हणते, "मी खोटं बोलले." हा घटनाक्रम आईच्या दुष्टपणातून येत नाही. ज्या घरावर तिचे जेवण अवलंबून आहे, त्या घरासमोर तिला एकटीला उभे केल्यामुळे तो येतो. तिला आधी सांगणे म्हणजे तिच्यावर विश्वास टाकणे नव्हे. तो निर्णयाचा भार तिच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे होणे आहे.

कायदा आईला वगळतो, असे मात्र मुळीच नाही. विरोधक कायदा पुरता वाचत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. कलम २६ म्हणते, तो पालकांच्या किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावा. वैद्यकीय तपासणीलाही तसेच, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. "विश्वास" हा शब्द कायद्यातच आहे. फक्त तो मुलाचा विश्वास आहे, मुलाबद्दल कुटुंबाने शाळेवर टाकलेला नव्हे. २०१३ मध्ये शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांना कळवण्याचे निर्देश दिले, तेव्हा स्पष्ट म्हटले, की गुन्हेगार कुटुंबातलाच असेल तर अत्यंत काळजी घ्यावी आणि पुढील पावले आईच्या किंवा घरातील इतर स्त्रियांच्या सल्ल्याने टाकावीत. पुढील पावले. पहिले नव्हे.

तेव्हा आमच्या उदाहरणात आईला त्याच दिवशी, पण पोलिसांना कळवल्यानंतर, आणि शक्य तर बाईंच्या समक्ष सांगितले जावे. बाईंनी म्हणावे : "ताई, तिने मला सांगितलं आणि मला कळवावंच लागलं. हा निर्णय तुमचा नाही, माझाही नाही, कायद्याचा आहे. पण यापुढे तिला तुमची गरज आहे, आणि मी तुमच्याबरोबर आहे." या वाक्याने आईच्या हातात एक मोठी गोष्ट येते. तिला सासूला सांगता येते की तक्रार मी केली नाही. अनेक घरांत तिचे तिथे टिकून राहणेच या एका वाक्यावर अवलंबून असते. सक्तीचा हा लाभ फारसा कोणी बोलून दाखवत नाही. परवानगी मागायची नाही, साथ मागायची.

काका त्याच घरात राहतो, म्हणून पोलिसांनी चोवीस तासांत मुलीला बाल कल्याण समितीपुढे न्यायचे असते. तिला घरातून हलवायचे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे, मुलीचे म्हणणे लक्षात घेऊन. मुलीला घरापासून तोडणे हाच एक मार्ग नाही. काका बाहेर गेला तर मुलगी आईजवळ राहू शकते, आणि बहुतेक वेळा तेच इष्ट असते. खटला चालेपर्यंत सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती समिती नेमू शकते. प्रत्यक्षात ती नेमणूक राहून जाते, आणि मग कुटुंब एकटे पडून पुन्हा मौनाकडे वळते. बाईंनी, समुपदेशकाने पहिल्याच आठवड्यात समितीकडे तिची लेखी मागणी करावी. कळवले आणि मागे फिरले, असे झाले तर पालकांचा राग रास्तच ठरतो.

विरोधकांच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या परस्पर-संमतीच्या संबंधांनाही हे कलम लागू होते, आणि पोलिसांच्या भीतीने मुली डॉक्टरकडे जायला कचरतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या संदर्भात, मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे म्हणून थोडी वाट काढली. शाळेतील समुपदेशकाला अशी वाट अजून नाही. ती हवी. पण या दुखण्यावरचा उपाय सहावीतल्या मुलीच्या प्रकरणात वापरायचा, ही युक्तिवादातली हातचलाखी आहे, आणि ती वारंवार केली जाते.

शेवटी पुन्हा कॅफीच्या क्ष-किरण चित्रांकडे. ज्या मुलांमुळे जगात संशय कळवण्याचे बंधन जन्माला आले, ती लैंगिक अत्याचाराची नव्हे, मारहाणीची बळी होती. आपले १९ वे कलम केवळ लैंगिक गुन्ह्यांपुरते आहे. वडिलांनी हाड मोडलेले मूल वर्गात आले, तर २०१५ चा बाल न्याय कायदा त्या वडिलांना क्रौर्याबद्दल शिक्षा देतो, शिक्षकाला ते मूल बाल कल्याण समितीपुढे नेण्याची मुभाही देतो. पण नेलेच पाहिजे असे म्हणत नाही, आणि नेले नाही तर काहीच होत नाही. अमेरिकेने बंधन सरसकट वाढवले तेव्हा गरिबीलाच "उपेक्षा" समजून तक्रारींचा पूर आला, आणि १९९० मध्ये तिथल्या सल्लागार मंडळाला बालसंरक्षणाची स्थिती राष्ट्रीय आणीबाणीची आहे असे म्हणावे लागले. त्यामुळे ती नक्कल इथे नको. अस्थिभंग, भाजल्याच्या खुणा, डोक्याला मार, एवढ्यापुरतेच बंधन घालता येईल, आणि तक्रारीचा पत्ता पोलीस ठाण्याऐवजी बाल कल्याण समितीचा ठेवता येईल. तोवर मोडका हात गळ्यात अडकवून आलेल्या मुलाला "काय रे, कुठे पडलास?" असे विचारून बाई फळ्याकडे वळू शकतात, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांनी काहीही चुकवलेले नसते.